गूळ-पाण्याचा नकार

नागवेणी हेगडेला नाही म्हणायची भीती वाटायची, आणि हो म्हणायची त्याहून जास्त. अशा माणसानं लिंक्डइनवर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते तिला सांगितलंही होतं. पण तिनं एकदा तिथं एक लेख टाकला. अकरा वर्षं घर सांभाळल्यावर एक्केचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा नोकरीला कशी लागले, पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन कशी रडले, असं सगळं. लेख हजारो लोकांनी वाचला आणि अनोळखी माणसांची रांग लागली. 'मॅडम, पंधरा मिनिटं कॉफी प्यायला भेटू या का?'

आमची कंपनी बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत. इस्पितळात लागणाऱ्या नळ्या आणि पिशव्या आम्ही बनवतो. नागवेणी मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाची प्रमुख, आणि मी कागदपत्रांच्या विभागात. आमची टेबलं शेजारी. मी मूळची बेळगावची, पण बंगळुरात सव्वीस वर्षं काढलीत, त्यामुळे मला सगळे कुमुदक्का म्हणतात. नागवेणी शिरशीकडची. बोलणं हळू, चालणं हळू, आणि दार वाजलं तरी दचकणारी.

सुरुवातीला ती सगळ्यांना भेटायची. दर शनिवारी मल्लेश्वरमला जाऊन एकेका अनोळखी माणसासमोर बसायची. अशा एकोणीस कॉफ्या झाल्या. त्यातल्या एकानं विम्याचे कागद काढले. एकीनं तीन तास नवऱ्याबद्दल सांगितलं. विसाव्यानं कॉफी यायच्या आधीच आमच्या नव्या पिशवीच्या चाचण्यांचे आकडे विचारले. ही घाबरून पर्स तिथंच टाकून बाहेर आली आणि पर्स आणायला मला जावं लागलं. पुढच्याच महिन्यात कंपनीनं पत्रक काढलं, की बाहेरच्या माणसांशी कामाबद्दल बोलायचं नाही. तेव्हापासून ती नाही म्हणायला लागली.

पण नाही म्हणायचं म्हणजे काय, ते तिनं स्वतःचं ठरवलं. मी म्हणत होते, 'इग्नोर'चं बटण दिलंय ना त्यांनी, ते दाब आणि जेवायला चल. समोरच्याला कळतसुद्धा नाही. पण ती म्हणायची, "अक्का, आमच्याकडे ओट्यावर पाहुणा टेकला की आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देतात. त्याचं काम होणार असो की नसो. तसंच पाठवायचं का त्याला?"

म्हणून ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. विनंती स्वीकारायची नाही, पण तिच्यासोबत आलेल्या चिठ्ठीला उत्तर लिहायचं. त्यात स्वच्छ नकार, आणि नकारासोबत कामाची एकच गोष्ट, जी त्या माणसाच्या उपयोगी पडेल. हा तिचा गूळ, पत्रातही ती त्याला गूळच म्हणायची. कुणाला अर्जात काय लिहू नये ते, तर कुणाला कुठली परीक्षा द्यावी ते. लोक उलट आभार मानायचे. असे सव्वादोनशे नकार तिनं एका फाइलमध्ये जपून ठेवले होते, गावाप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे लावून. तिथंच माशी शिंकली.

एका गुरुवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अक्का, आज एक मोठा माणूस आला बघ. भाषणंबिषणं देणारा. त्याला पण नाही म्हटलं मी."

तिला असं धीट झालेलं पाहून मला बरं वाटलं. म्हटलं बघू तरी. उदयशंकर मल्या नाव. चेहऱ्यावर चष्मा, नावाखाली 'गुणवत्तेची संस्कृती घडवणारा, वक्ता' असलं काहीतरी. चिठ्ठी एवढीच: 'तुमचं लिखाण वाचतो. गुणवत्तेबद्दल पंधरा मिनिटं बोलायला आवडेल. मी तुमकूरला असतो, बंगळुरात येऊन भेटेन.' खाली नागवेणीचं लांबलचक उत्तर. एक चाळीसला पाठवलेलं.

मला वाचायची सवय. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून खाल्लंय मी. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आले आणि थांबले.

"नागवेणी, हा देवराज कोण गं?"

"कुठला देवराज?"

"इथं बघ. 'तुम्ही कारखान्यात कुणाला कळू न देता नोकरी शोधताय, तेच बरोबर आहे, देवराज. नऊ वर्षं एका जागी काढल्यावर...' या माणसाचं नाव तर उदयशंकर आहे."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तीन आठवड्यांपूर्वी तुमकूरच्याच देवराज गाणिगेर नावाच्या माणसानं तिला लिहिलं होतं, की सिरिंजच्या कारखान्यात नऊ वर्षं झाली, बाहेर पडायचंय, साहेबांना कळता कामा नये, पंधरा मिनिटं भेटाल का. त्याला तिनं नकार आणि गूळ पाठवला होता. आज चिठ्ठीत तुमकूर दिसलं म्हणून तिनं तेच पत्र उचललं, वरचं नाव बदललं आणि मधलं नाव तसंच राहिलं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "कोण देवराज आणि कोण मल्या. लाजेपुरतं झालं. काढून टाक."

पण तोवर तिनं मल्याच्या नावावर बोट ठेवून त्याचं पान उघडलं होतं. खाली, बरंच खाली, नोकरीची जागा होती. तुमकूर. सिरिंजचा कारखाना. कारखानाप्रमुख, सहा वर्षं.

तो देवराजचा साहेब होता.

नागवेणी त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून बावीस मिनिटं. पाठवलेला मजकूर तासाभरात काढता येतो हे मला माहीत होतं. मी तिच्या हातातून फोन घेतला, पत्रावर बोट दाबून धरलं आणि काढून टाकलं. पत्राच्या जागी 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी एक ओळ उरली.

"झालं. बेचाळीस मिनिटंच होतं तिथं. माणूस कारखान्यात आहे, दुपारची पाळी बदलते, फोन कोण बघतंय?"

"त्यानं वाचलं असेल तर पत्राखाली त्याचा छोटा फोटो दिसतो ना?"

"नव्हता फोटो."

"पण ते बंद करून ठेवता येतं, अक्का. मी पण ठेवलंय बंद." मग ती एकदम उभी राहिली. "मेल! आपल्याला मेल येते ना, कुणी काही लिहिलं की? त्यात मजकूर असतो. ती कशी काढायची?"

इथलं काढलं तरी मेल त्याच्या पेटीत पडलेली असणार. मी म्हटलं, मेलमध्ये सगळं नसतं, सुरुवातीच्या ओळी असतात. किती ओळी? ते आम्हा दोघींनाही नक्की माहीत नव्हतं. मग आम्ही एक प्रयोग केला. तिनं तेच पत्र तसंच्या तसं माझ्या खात्यावर पाठवलं आणि आम्ही माझ्या मेलकडे बघत बसलो. नळीला भोक आहे का ते बघायला पाण्यात बुडवून बुडबुड्यांची वाट बघतात, तशा.

दहा मिनिटांनी मेल आली. पत्राची सुरुवात दिसत होती आणि पुढं 'सर्व वाचा' असं बटण. शेवटची दिसणारी ओळ होती, 'तुम्ही कारखान्यात कुणाला कळू न देता नोकरी शोधताय, तेच बरोबर आहे, दे...'

"दे," नागवेणी म्हणाली. "दे एवढंच आलंय."

"त्याच्या मेलमध्ये कमीजास्त आलं असेल. नावापर्यंत पोचलंही नसेल."

"आणि पोचलं असेल तर?"

तिनं मला देवराजची चिठ्ठी आणि त्याचा आभाराचा निरोप दाखवला. त्यात त्यानं लिहिलं होतं की दोन वर्षांपूर्वी लोकेश म्हणून एक जण असाच नोकरी शोधताना सापडला, तर साहेबांनी त्याला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं आणि सुटकेचं पत्र आठ महिने दिलं नाही. ते पत्र नसेल तर दुसरी कंपनी उभं करत नाही. लोकेशनं आठ महिने सासऱ्याच्या दुकानात सिमेंटची पोती मोजली.

आता देवराजची नोकरी एका अक्षरावर अडकली होती आणि पुढची तीन छापली गेलीत की नाही हे फक्त मल्याला ठाऊक.

"त्याला सांगायला हवं," नागवेणी म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबानं वाचलं नसेल तर कशाला त्या बिचाऱ्याची झोप उडवतेस?"

हे मी सांगितलं. ते बरोबर होतं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. पण माझं ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं, एवढं खरं. शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा डोळे सुजले होते. बसमध्येच तिनं देवराजची विनंती स्वीकारली होती आणि खाली चार ओळी लिहिल्या होत्या: माझ्या हातून चूक झाली, तुमचं नाव मल्यांना गेलेलं असू शकतं, हा माझा नंबर.

साडेनऊला फोन आला. तिनं तो माझ्याही कानाला लागेल असा धरला.

"मॅडम, आधी नुसतं दिसलं की तुम्ही विनंती स्वीकारली," देवराज म्हणाला. आवाज दबका, मागं यंत्राची घरघर. "मी बायकोला पण सांगितलं, बघ, मॅडम हो म्हणाल्या. मग खालचं वाचलं."

"देवराज, माझं चुकलं. फार चुकलं."

"त्यांनी वाचलंय मॅडम."

"कशावरून?"

"आज सकाळी साहेब माझ्याकडे बघून हसले."

"हसले?"

"सहा वर्षांत कधी हसले नाहीत. माझी मुलगी झाली तेव्हा पेढे दिले, तेव्हा पण नाही. आज माझ्या टेबलापाशी आले, थांबले आणि हसले. म्हणाले, काय देवराज, सगळं ठीक? लोकेशला पण आधी असंच विचारलं होतं म्हणतात." तो एकदम थांबला. "ठेवतो. कुणीतरी आलं."

त्या दिवशी नागवेणीनं तीन खोक्यांवर चुकीचे शिक्के मारले. मी ते गुपचूप बदलले. दार वाजलं की ती वर बघायची, फोन वाजला की छातीवर हात ठेवायची. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती. आपल्याला कळवलं नसतं तर बरं होतं, भीक नको पण कुत्रं आवर, असं त्या माणसाला वाटत असणार, आणि ही इथं बसून त्याच्या वाटची भीती भोगत होती. त्याचा त्याला काय उपयोग?

शनिवारी दुपारी देवराजचा निरोप आला. 'राजीनामा दिला. आपणहून दिला, तीन महिन्यांची मुदत धरून, म्हणजे सुटकेचं पत्र अडवता येणार नाही. लोकेशसारखं व्हायला नको. दुसरी नोकरी अजून नाही. बघू.'

तिनं मला घरी फोन केला. म्हणाली, "अक्का, त्यानं मला फक्त एक कॉफी मागितली होती."

रविवारी तिनं जे केलं ते मी तिला करू दिलं नसतं, म्हणून तिनं मला आधी सांगितलंच नाही. मल्याची विनंती अजून पडून होती. ती स्वीकारली, आणि जिनं आयुष्यात सव्वादोनशे जणांना नकार लिहिला तिनं स्वतः लिहिलं: 'सर, मी तुमकूरला येते. पंधरा मिनिटं कॉफी प्यायला भेटाल का? मला एका चुकीबद्दल बोलायचंय. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.' नंतर मला म्हणाली, "पाठवायचं बटण दाबताना कळलं अक्का, ही माणसं मला लिहिताना किती घाबरत असतील."

सोमवारी सकाळी अकराला उत्तर आलं. ती वाचेना. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावून हळू आवाजात वाचलं.

'नागवेणी मॅडम, आपण भेटू नये असं मला वाटतं. भेटलो तर देवराजबद्दल बोलावं लागेल, आणि त्याच्यामागे त्याच्याबद्दल आधीच पुरेसं बोलून झालंय.

तुमचं पत्र मी मेलमध्ये वाचलं, नंतर उघडूनही वाचलं. कारखान्यात कळू न देता नोकरी शोधताय, हे वाक्य आलं तेव्हा मला वाटलं माझ्याबद्दलच लिहिलंय. या बाईला कसं कळलं? त्यानंतर त्याचं नाव आलं. गुणवत्तेबद्दल बोलायचंय असं मी लिहिलं होतं. मला कशाबद्दल बोलायचं होतं ते तुम्हाला आता कळलंच असेल. ते तुमच्यापाशीच राहू द्या.

लोकेशचं देवराजनं तुम्हाला सांगितलं असेलच. त्यात मी मालकांचं ऐकलं, असं सगळ्यांना सांगतो. खरं तर ते मीच केलं होतं. शुक्रवारी देवराजला धीर द्यावा म्हणून त्याच्याकडे बघून हसलो. शनिवारी त्यानं राजीनामा आणून दिला. माझं हसणंही आता भीतीचं झालंय.

तो कागद माझ्या खणात आहे. वर पाठवलेला नाही. बुधवारी संध्याकाळी मालक येतात, तोवर ठेवू शकतो. त्याला परत घ्यायचा असेल तर घेऊ दे. मी सांगितलं तर त्याला सापळा वाटेल. तुम्ही सांगा. तुम्ही नकारासोबत गूळ देता असं पत्रात लिहिलंत, म्हणून हा माझ्याकडून.'

वाचून झाल्यावर मी चष्मा काढून फोन नागवेणीकडे सरकवला. मला आधी मल्याचा चांगुलपणा वाटला, मग शंका आली. सापळा असेल तर? बाईच्या तोंडून बोलावून घ्यायचं आणि राजीनामा परत घ्यायला आलास म्हणून मालकांपुढं उभं करायचं? दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"हो," नागवेणी म्हणाली. "सापळा पण असू शकतो. तेही त्याला सांगू. या वेळी लिहून नाही. समोर बसून."

मंगळवारी आम्ही दोघींनी अर्धी रजा टाकली. तुमकूरच्या बस स्थानकासमोर एका हॉटेलात देवराज आला. चाळिशीचा, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात डब्याची पिशवी. आधी दाराकडे तोंड करून बसला, मग उठून पाठ करून बसला. मग पुन्हा उठला आणि दाराकडे तोंड केलं.

"मॅडम, लवकर सांगा. मी दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून आलोय."

नागवेणीनं फोन त्याच्यासमोर ठेवला. मल्याचं उत्तर तिनं उघडून ठेवलं होतं. तो वाचायला लागला. मधेच त्यानं वर बघितलं, पुन्हा खाली. साहेब स्वतःही नोकरी शोधतोय हे गुपित त्यालाही दाखवायचं की नाही यावर आम्ही बसमध्ये दीड तास भांडलो होतो. मी म्हणत होते दाखवू नको, दुसऱ्याचं आहे. ती म्हणत होती, अर्धं दाखवलं तर तो विश्वास कसा ठेवेल? शेवटी तिनं त्या चार ओळींवर अंगठा ठेवला. देवराजनं अंगठा बघितला आणि काही विचारलं नाही.

"हे खरं कशावरून?" तो म्हणाला.

"मला माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं खरं आहे. पण गेल्या गुरुवारी मला वाटलं होतं की नाव बदललंय." ती खुर्चीत पुढं सरकली. "देवराज, मी पण घाबरलेय. मी तुम्हाला जा म्हणणार नाही आणि जाऊ नका पण म्हणणार नाही. एवढंच सांगायला आले, की कागद अजून खणात आहे."

कॉफी आली होती. त्यानं ती एका दमात पिऊन टाकली, गरमच. पेला खाली ठेवला, डब्याची पिशवी माझ्यापाशी सोडली आणि म्हणाला, "हे सांभाळा अक्का. रिकामा हात दिसला तर विचारतील, डॉक्टरनं काय दिलं." त्याचं हे बोलणं मला काही उमगलं नाही. भीतीत माणूस काहीही बोलतो.

तो गेला. कारखाना दोन वळणांवर होता. आम्ही बसून राहिलो. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. नागवेणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. पंचविसाव्या मिनिटाला मला वाटलं, गेला. फाटकाबाहेर काढला त्याला, आपल्या दोघींच्या चांगुलपणामुळे. मी पोऱ्याला उगाच अजून दोन कॉफ्या आणायला सांगितल्या, हातांना काहीतरी हवं म्हणून.

पस्तीस मिनिटांनी तो आला. शर्ट पाठीला चिकटला होता. खुर्चीवर बसला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. राजीनामाच होता. त्यानं त्याचे चार तुकडे केले, तुकड्यांचे पुन्हा तुकडे केले, आणि ते कॉफीच्या रिकाम्या पेल्यात कोंबले.

"दिला?" नागवेणीनं विचारलं.

"खण उघडला आणि दिला. काही बोलले नाहीत. मी दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाले, देवराज, कॉफी घेणार?"

"मग?"

"नको सर, म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, मॅडम."

नागवेणी हसली आणि लगेच रडायला लागली. देवराज आजूबाजूला बघत राहिला. मीच म्हटलं, "चला, नोकरी राहिली, गंगेत घोडं न्हालं."

"नोकरी राहिली," तो म्हणाला. "पण आता उद्या आठ वाजता मी आत जाईन आणि त्यांना माहीत असेल. परवा पण. ते चांगले वागले तर वाटेल का वागतायत, वाईट वागले तर वाटेल झालं सुरू. आणि दुसरीकडे अर्ज तर करायलाच हवा. करताना आता हात थरथरेल." तो उठला, माझ्याकडून डब्याची पिशवी घेतली. "मॅडम, तुम्ही फार चांगल्या आहात. माझी बायको पण म्हणते. एवढ्या लांब कोण येतं? पण एक सांगू का?"

"सांगा."

"मला आता लिहू नका. चांगलं असलं तरी."

ती बघत राहिली. सव्वादोनशे माणसांना तिनं जे पाठवलं होतं, ते समोर उभं राहून तिच्या हातात कुणीतरी पहिल्यांदा ठेवलं होतं, आणि तिला ते कसं धरावं ते कळत नव्हतं. मग तिनं मान हलवली.

देवराज दारापर्यंत गेला आणि परत आला.

"चारची बस धरा," तो म्हणाला. "नंतर नेलमंगलला गाड्या फार अडकतात."

आम्ही चारची बस धरली. नागवेणी खिडकीपाशी बसली आणि फोन काढला. मला वाटलं, पुन्हा काही लिहिते की काय. तिनं ती सव्वादोनशे पत्रांची फाइल उघडली, थोडा वेळ बघितली आणि काढून टाकली. एक नवी विनंती येऊन पडली होती, हासनच्या कुणा बाईची. तिचं नाव नागवेणीनं तीनदा वाचलं आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं: 'सविताराणी, मला भेटता येणार नाही. माफ करा.' मग तिनं फोन माझ्या हातात दिला. "अक्का, नाव बरोबर आहे का बघ ना."

मी वाचलं. नाव बरोबर होतं. तरी मी पुन्हा एकदा वाचलं.